आई-बाबांना जुगाराच्या कर्जाबद्दल पत्र लिहिताना: आकडा पूर्ण सांगा, पैसे मागू नका

प्रश्न: वय २६, हिंजवडीत सपोर्टला जॉब, वाकडला रूमवर राहतो. आई-बाबा इंदापूरला असतात, बाबा शिक्षक आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतायत. आधी ऑनलाइन रमी, मग क्रिकेटचं बेटिंग, आता साधारण ४ लाख कर्ज झालंय, नक्की आकडा मलाही माहीत नाही. फोनवर बोलायची हिंमत होत नाही म्हणून पत्र लिहायचं ठरवलंय. सगळं सांगू का निम्मं? पैसे मागू का? आधी फक्त आईला सांगू का? नक्की लिहू काय तेच सुचत नाहीये.

उत्तर:

सगळं सांग, एकदाच सांग, दोघांना एकत्र सांग आणि पत्रात पैसे मागू नकोस. मी पुण्यात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते, पूर्वी माझ्याकडे बहुतेक दारूच्या केसेस यायच्या, आता तुझ्यासारखी पोरं पण येतात, पगार चांगला, घर चांगलं आणि फोनमध्ये सगळा सत्यानाश. त्यातल्या बऱ्याच जणांची पत्रं मी वाचलीयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक विचारते. मरायचे विचार येतायत का? जुगाराच्या कर्जात हे विचार बऱ्याच जणांना येतात त्यामुळे लाजू नकोस, पण येत असतील तर पत्र वगैरे नंतर बघू, आज रात्रीच रूमवरच्या कोणाला तरी सांग, एकटा राहू नकोस आणि १४४१६ ला फोन कर. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता निम्मं सांगण्याबद्दल. जवळजवळ प्रत्येक मुलगा पहिल्यांदा कमीच आकडा सांगतो, वाईट हेतूने नाही, बाबांना एवढा धक्का नको म्हणून. मग होतं काय, की ४ मधले २ लाख सांगितले, बाबांनी एफडी मोडली, पैसे भरले, घरात सगळ्यांना वाटलं सुटलो. इकडे उरलेल्या २ लाखांचं व्याज चालूच आहे आणि आता ते घरी सांगायची सोय पण राहिली नाही, कारण नुकतंच सगळं मिटलंय ना. मग ते दोन लाख भरायला एकच रस्ता दिसतो, शेवटचं एकदा खेळून रिकव्हर करायचं. दोन-तीन महिन्यांत ॲपवाल्याचा फोन थेट घरी जातो आणि दुसऱ्यांदा सगळं उघडं पडतं. ही दुसरी वेळ पहिल्यापेक्षा फार वाईट असते. पहिल्या वेळी आई-बाप रडतात, चिडतात पण सोबत उभे राहतात, दुसऱ्या वेळी ते तुझ्या खऱ्या आकड्यावर पण विश्वास ठेवत नाहीत, आणि तिथून माणसं परत जोडायला वर्षं जातात. जुगाराच्या आजाराचं निदान करताना डॉक्टर जी नऊ लक्षणं बघतात त्यातलं एक म्हणजे किती गुंतलोय ते लपवायला खोटं बोलणं, आणि दुसरं म्हणजे पैशाची कोंडी फोडायला दुसऱ्यांवर अवलंबून राहणं. म्हणजे तुझ्या मनात जे दोन प्रश्न आलेत, निम्मं सांगू का आणि पैसे मागू का, ते दोन्ही त्या आजाराच्याच वाटेवरचे आहेत, हे लक्षात घे.

पण सगळं सांगायचं तर सगळं माहीत पाहिजे. तुला आकडा माहीत नाही हे मला अजिबात नवल वाटत नाही, खेळणारा माणूस आपलं कर्ज कधी बेरीज करून बघत नाही. म्हणून पत्राच्या आधी यादी. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार क्रेडिट कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. निदान दोघींचा काढ, कारण एखादं छोटं ॲप लोन एकीकडे दिसतं आणि दुसरीकडे नसतं. त्यात कार्ड, पर्सनल लोन, गोल्ड लोन आणि रजिस्टर्ड कंपन्यांची ॲप लोन सगळी येतात, अगदी तू विसरलेली ५ हजारांची सुद्धा. जे त्यात येत नाही ते तुला आठवून लिहावं लागेल, मित्रांचे उसने, सावकाराचे, बुकीची उधारी, आणि परवाना नसलेली फसवी ॲप्स. बँक स्टेटमेंट वर्षभराचं काढून बस, यूपीआयच्या नोंदी बघितल्या की मित्रांची नावं आपोआप समोर येतात.

एका मुलाचं उदाहरण देते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्याला पण वाटत होतं ४ लाख असतील. आम्ही बसून यादी केली तेव्हा पर्सनल लोनचे २,६०,००० बाकी होते, क्रेडिट कार्डाचे १,१८,०००, तीन ॲप्सचे मिळून ७४,०००, मित्रांचे ९५,०००, एका खाजगी सावकाराचे ५०,००० महिना १० टक्क्यांनी, आणि ६०,००० गोल्ड लोन. बेरीज ६,५७,०००. ते गोल्ड लोन त्याने पहिल्या यादीत लिहिलंच नव्हतं, सिबिलमध्ये निघालं, आणि मी विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. आईची चेन होती. पॉलिशला टाकलीय म्हणून सांगितलं होतं तिला.

अशी एखादी गोष्ट तुझ्या यादीत असेल तर ती पत्रात आलीच पाहिजे. आकडा मोठा असला तरी घर सहन करतं, पण चेन कुठेय हे आईला गोल्ड लोनवाल्यांच्या लिलावाच्या नोटिशीतून कळलं तर ते ती विसरत नाही. तसंच तू तुझं बँक खातं किंवा सिमकार्ड बेटिंगचा आयडी देणाऱ्या कोणाला वापरायला दिलं असशील तर ते पण लिही. बुकी लोक पैसे फिरवायला पोरांची खाती वापरतात, मग कोणीतरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतं आणि खातं गोठतं, पोलिसांचा फोन येतो. असं काही असेल तर आधी वकील गाठायचा, बाबांना घेऊन.

आता पत्र. त्या मुलाने शेवटी जे लिहिलं ते साधारण असं होतं, त्याची परवानगी घेऊनच देतेय:

"प्रिय आई-बाबा,

मी ठीक आहे. तब्येत बरी आहे, नोकरी चालू आहे आणि मी जिवाचं काही बरंवाईट करणार नाहीये. हे वाचून होईपर्यंत मी बाहेर ओसरीवर बसलोय.

मी दोन वर्षांपासून मोबाईलवर पैसे लावून खेळतोय, आधी रमी आणि मग क्रिकेटवर बेटिंग. त्यात माझ्यावर ६,५७,००० रुपये कर्ज झालंय. कोणाचे किती ते मागच्या पानावर लिहिलंय, सोबत सिबिलचा रिपोर्ट जोडलाय. याशिवाय एक रुपयाही नाही.

आई, तुझी चेन पॉलिशला दिलेली नाही. ती मी गहाण ठेवून ६०,००० घेतलेत. पावती सोबत आहे. दिवाळीत तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा खोटं बोललो.

बाबा, बाइकच्या अपघाताचे म्हणून तुमच्याकडून ३०,००० घेतले होते, अपघात झाला नव्हता.

शेवटचं मी गेल्या महिन्यात १२ तारखेला खेळलो. परत कधीच खेळणार नाही अशी शपथ मी याआधी स्वतःशी बऱ्याचदा घेतलीय आणि मोडलीय, म्हणून तुमच्यापुढे शपथ घेत नाही. डॉक्टरांकडे आणि समुपदेशनाला जायला लागलोय, पुढची वेळ शनिवारी आहे, तुमच्यापैकी एकाने सोबत यावं अशी इच्छा आहे.

मी पैसे मागत नाहीये. तुमची एफडी, पीएफ, आईचे दागिने यातलं काही मोडू नका. मला तीन गोष्टींत मदत हवीय. माझा पगार ज्या खात्यात येतो त्याचं एटीएम कार्ड आणि नेट बँकिंग बाबांनी स्वतःकडे घ्यावं, मला दर सोमवारी खर्चापुरते पैसे द्यावेत. महिन्यातून एकदा आपण तिघांनी बसून स्टेटमेंट बघावं. आणि सावकाराकडे जाताना बाबांनी माझ्यासोबत यावं, कारण त्याच्याकडे माझे दोन कोरे चेक आहेत आणि मला एकट्याला भीती वाटते.

तुम्ही चिडलात तरी मी इथेच आहे.

तुमचा,
(नाव)"

पहिली ओळ बघ. घरात मुलाने ठेवलेलं पत्र सापडलं आणि त्याची सुरुवात 'आई-बाबा मला माफ करा' अशी असली की आई-बापाच्या मनात पहिला विचार काय येतो ते तूच सांग. पुढचं काही न वाचता लोक विहिरीकडे, रेल्वे रुळाकडे पळालेत. म्हणून मी ठीक आहे आणि मी कुठे बसलोय हे सगळ्यात आधी, माफीबिफी नंतर. याच कारणाने पत्र पोस्टाने पाठवू नकोस आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको, तिकडे तू वाकडला, इकडे निळ्या टिका पडल्यात आणि फोन कोणीच करत नाहीये, ते तास फार वाईट जातात. स्वतः इंदापूरला जा, सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, हातात दे आणि जवळपास थांब. रात्री देऊ नकोस. बाबांना बीपी किंवा शुगर असेल तर मामा किंवा काका, ज्याचं ते ऐकतात असा एक माणूस घरात असू दे.

मग आकडा. तो पाचव्याच वाक्यात आलाय, नुसत्या अंकात. बरीच मुलं दीड पान ऑफिसचं टेन्शन, मित्रांची संगत, लॉकडाऊन, ब्रेकअप असं लिहितात आणि आकडा शेवटी, आणि वाचणारा माणूस तो आकडा शोधत पान उलटत असतो, कारणं डोक्यात शिरतच नाहीत. कारणं समुपदेशनात बोलू, पत्रात ती सबबीच वाटतात. खोटं मात्र मोजून, नाव घेऊन लिहायचं, चेनचं वेगळं, अपघाताचं वेगळं. 'मी तुमच्याशी खूप खोटं बोललो' असं मोघम लिहिलंस तर आई पुढचे सहा महिने तुझं प्रत्येक जुनं वाक्य आठवून तपासत बसेल.

आणि शपथ का नाही, तर इच्छा होणार आहे. आयपीएल सुरू झाली की होणार, पगाराच्या दिवशी होणार, एखाद्या मित्राने आयडीचा मेसेज पाठवला की होणार. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेला मुलगा एकदा घसरला की लाजेने लपवतो, आणि लपवलं की परत तोच खेळ. शपथ घेतली नसेल तर त्याच दिवशी येऊन सांगता येतं.

पैसे मागू नकोस म्हणाले त्याचं कारण जरा नीट सांगते, कारण आई-बाबा स्वतःहून देऊ करतीलच. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया हीच असते, अब्रू जायच्या आत भरून टाकू. बाबा ग्रॅच्युइटीचा हिशोब करतील, आई पाटल्या काढेल. पण एका दिवसात सगळं भरलं की काय होतं, कार्डाचं लिमिट पूर्ण मोकळं होतं, ॲप्सचे नवीन ऑफर यायला लागतात, हप्त्यांचा ताण जातो आणि डोक्यातली खेळायची सवय मात्र जशीच्या तशी असते. ज्यांचं कर्ज घरच्यांनी एकरकमी फेडलं त्यातले बरेच जण मी वर्षभरात त्याच खुर्चीत परत बघितलेत, आणि दुसऱ्या वेळी फेडायला ग्रॅच्युइटी उरलेली नसते. तू सज्ञान आहेस, बाबा कुठे जामीनदार किंवा सहकर्जदार नसतील तर तुझं कर्ज फेडायची त्यांच्यावर कायद्याने जबाबदारी नाही, रिकव्हरीवाला फोनवर काहीही म्हणू दे. हे वाक्य बाबांना मुद्दाम सांग.

त्या मुलाचं गणित आम्ही असं बसवलं. हातात पगार ४६,०००. रूमचं भाडं, मेस, जाणं-येणं धरून १६,०००. पर्सनल लोनचा हप्ता ९,४००. कार्डाचं कर्ज बँकेशी बोलून दोन वर्षांच्या हप्त्यात करून घेतलं, तो हप्ता ६,००० च्या आसपास, कारण मिनिमम ड्यू भरत राहिलं तर महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांनी ४,००० च्या वर नुसतं व्याज जात होतं आणि मुद्दल जागेवरच. कार्ड मात्र तोडून टाकलं. उरले १४,६००, पण त्यातले ५,००० सावकाराचं व्याज खात होतं. म्हणून घरच्यांनी फक्त एकाच ठिकाणी हात घातला, सावकाराचे ५०,००० बाबांनी स्वतः नेऊन दिले, मुलाच्या हातात नाही, आणि दोन्ही कोरे चेक आणि सही केलेला स्टॅम्प पेपर परत घेतला. मग ॲप्स, चेन आणि मित्र मिळून २,२९,००० उरले, महिना १४,६०० च्या हिशोबाने व्याज धरून दीड वर्ष. दीड वर्ष ऐकून त्याचा चेहरा पडला होता, पण ते दीड वर्ष त्याच्या पगारातून जातंय हाच त्यातला औषधाचा भाग आहे असं मला वाटतं. बाबांचे ५०,००० पण तो नंतर फेडणार असं कागदावर लिहिलंय.

सावकाराबद्दल एवढं लक्षात ठेव की महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे आणि परवाना असला तरी व्याजाचा दर सरकारने ठरवलेला असतो, महिना १० टक्के त्यात कुठेच बसत नाही. धमक्या येत असतील तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात, आणि पोलिसांकडे तक्रार करता येते. बुकीच्या उधारीचं वेगळंय, पैज लावून झालेला व्यवहार कायद्याने रद्दबातल असतो, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आहे, बुकी कोर्टात जाऊन ती वसुली करू शकत नाही. पण म्हणून बँकेचं, ॲपचं कर्ज माफ होत नाही, ते तू कर्ज म्हणून घेतलंयस, खेळलास कशावर याच्याशी त्यांचा संबंध नाही.

ॲपवाल्यांचे फोन ही तुझी रोजची भीती असणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, शिव्या-धमक्या देता येत नाहीत आणि कर्ज देणाऱ्या ॲपला तुझे कॉन्टॅक्ट किंवा फोटो घ्यायची परवानगीच नाही. असं करत असतील तर आधी त्या कंपनीला लेखी तक्रार कर, ३० दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर. फोटो मॉर्फ करून पाठवायची धमकी असेल तर वाट बघू नकोस, थेट १९३० किंवा cybercrime.gov.in. आणि पत्र दिल्यावर या भीतीतली अर्धी हवा आपोआप जाते, कारण त्यांचं मुख्य हत्यारच 'घरी सांगू' हे असतं.

पोलीस तुला पकडतील का हे बाबा विचारतील. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा केला, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्यांना आहे, नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. पण आयडी विकणं, मित्रांकडून पैसे गोळा करून लावणं असलं काही केलं असशील तर गोष्ट वेगळी होते, तिथे वकिलाशीच बोल.

आता फक्त आईला आधी सांगू का हे. नको. तिला सांगितलंस की ती पहिल्यांदा म्हणेल तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस, मी बघते, आणि मग ती भिशीतून, माहेरून, दागिन्यांतून गुपचूप पैसे जमवेल आणि घरात तुझ्यासोबत अजून एक माणूस खोटं बोलायला लागेल. दोघांच्या नावाने एकच पत्र, एकाच वेळी.

दिल्यानंतर काय होईल ते पण ऐकून ठेव. बाबा कदाचित काहीच बोलणार नाहीत, उठून बाहेर जातील. आई रडेल, जेवणार नाही. कोणीतरी 'आमचं काय चुकलं' असं म्हणेल. त्या दिवशी तुझं काम फक्त तिथे असणं आणि विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं, समजावत बसू नकोस. हिशोब, पगार खात्याची व्यवस्था हे सगळं दुसऱ्या दिवशी, यादी मध्ये ठेवून. बाबांनी पैशाचं नियंत्रण घ्यायला नकार दिला, मला हे जमणार नाही म्हणाले, तर बहीण-मेव्हणा किंवा काका चालेल, पण तुझा पगार तुझ्या एकट्याच्या हातात राहता कामा नये, निदान पहिलं वर्ष. फोनवरचं यूपीआय काढून टाक, खर्चाच्या छोट्या खात्याला तेवढं ठेव, आणि BetBlocker नावाचं फुकट ॲप आहे, बेटिंगच्या साइट्स बंद करतं, ते बाबांसमोर टाक.

डॉक्टरांची वेळ मात्र पत्राच्या आधी घे, म्हणजे पत्रात तारीख लिहिता येईल. ससूनला मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, खर्च नगण्य आहे. येरवड्याच्या मुक्तांगणला फोन करून जुगारासाठी काय सोय आहे ते विचार. उद्या सकाळी दोन्हीकडे फोन कर, संध्याकाळी क्रेडिट रिपोर्ट काढ, यादीची बेरीज झाली की पत्र लिहायला बस.